पेटीवर आपली पट्टी कशी शोधायची: काळी एक सगळ्यांना बसत नाही

मी पेटीची साथ करतो. कार्यक्रमाआधी गायकाला "तुमची पट्टी कुठली?" असं विचारलं की बऱ्याचदा उत्तर येतं, "क्लासमध्ये काळी एक होती" किंवा "बायकांची काळी पाच असते ना, तीच धरा." मग गाणं सुरू होतं आणि दहा मिनिटांत कळतं की खर्जातला पंचम नुसती हवा झालाय, किंवा वरच्या गंधाराला हनुवटी छताकडे चाललीय. गळा बरा असतो, रियाजही असतो, फक्त सा चुकीच्या जागी धरलेला असतो. म्हणून आपला सा कुठे ठेवायचा हे पेटीवर स्वतः कसं ठरवायचं ते इथे लिहितोय, आणि क्रम शक्यतो मोडू नका कारण निम्म्या चुका क्रम मोडल्यानेच होतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. सुरुवातीला सा शोधायचाच नाही. आधी गळ्याची दोन टोकं शोधायची, आणि सा त्यावरून मोजून काढायचा. "जो सूर गोड लागतो तो माझा सा" असं धरलं तर मधल्या सप्तकात सगळं छान वाटतं आणि फजिती होते ती दोन्ही टोकांना.

१. पेटी आधी साधी करून घ्या

पेटीत बास आणि मेल अशा दोन रीड असतील तर बासचे स्टॉपर पूर्ण बंद करा. बासची रीड मेलपेक्षा एक सप्तक खाली वाजते, दोन्ही चालू असल्या की एकाच कीमधून दोन सप्तकांचे सूर येतात आणि आपण नक्की कुठल्या सुरात मिसळलो ते गाणाऱ्याला कळत नाही. कपलर असेल तर तोही काढा, कारण तो एक की दाबली की दुसऱ्या सप्तकातली जोडीची कीसुद्धा वाजवतो. ड्रोनचे नॉब बंद. एक की, एक रीड, एक सूर, एवढंच हवंय.

स्केल चेंजर पेटी असेल तर कीबोर्ड मूळ जागेवर आहे ना ते बघा. हे विसरलं की सगळी मेहनत वाया! कीबोर्ड दोन घरं सरकलेला असताना तुम्ही "पांढरी दोन" म्हणून जे शोधाल ते दुसऱ्याच्या पेटीवर पांढरी दोन नसेलच.

भाता हळू आणि सारखा. जोरात भाता मारला की पेटी मोठी वाजते, मग गाणारा नकळत तिच्याशी स्पर्धा करतो आणि टेस्टमध्ये आवाज ढकलला जातो.

२. पट्ट्यांची नावं एकदा पक्की करा

पेटीच्या डाव्या टोकापासून मोजू नका, काळ्या कींच्या गटावरून मोजा. काळ्या की दोन आणि तीन अशा गटाने येतात. दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी एक. तिथून सात पांढऱ्या आणि पाच काळ्या झाल्या की पुन्हा पांढरी एक येते. मोबाईलवरच्या तानपुरा किंवा ट्यूनर ॲपमध्ये हीच नावं इंग्रजी अक्षरांत दिसतात, ती अशी जुळतात:

```
C  = पांढरी एक      F# = काळी तीन
C# = काळी एक        G  = पांढरी पाच
D  = पांढरी दोन     G# = काळी चार
D# = काळी दोन       A  = पांढरी सहा
E  = पांढरी तीन     A# = काळी पाच
F  = पांढरी चार     B  = पांढरी सात
```

इथे सगळ्यात जास्त वेळा होणारी गफलत म्हणजे काळी तीन. ती पांढरी तीनच्या शेजारी नसते, पांढरी चार आणि पाच यांच्या मध्ये असते. फोनवर कुणी "काळी तीन" सांगितलं तर मी तरी एकदा "म्हणजे F# ना?" असं विचारून घेतो, लाज वाटून घेत नाही.

३. गळा तयार आहे का ते बघा

झोपेतून उठल्याउठल्या टेस्ट करू नका. सकाळी आवाज जड असतो, खाली नेहमीपेक्षा जास्त जातो आणि वर कमी, त्यामुळे पट्टी एखादं घर खालची निघते. सर्दी-खोकल्यात तर नकोच. तुम्ही रोज ज्या वेळेला गाता त्याच वेळेला, पंधरा मिनिटं हलका रियाज करून मग बसा. रियाज मधल्या सप्तकातच करा, ताना-बिना नकोत, थकलेला गळा वरचं टोक खोटं दाखवतो.

आणि हे तीन वेगवेगळ्या दिवशी करायचंय. एका दिवसाच्या आकड्यावर पट्टी ठरवायची नाही.

४. खालचं टोक

बोलताना तुमचा आवाज साधारण जिथे असतो त्याच्या जरा वरची की घ्या. की वाजवा, सूर ऐका, पेटी थांबवा, मग "आ" लावा आणि चार-पाच सेकंद धरा, शेवटी पेटी वाजवून मिळतोय का ते तपासा. पेटी चालू ठेवून गायलात तर तिच्या आवाजात तुमचा पोकळ सूरही भरल्यासारखा वाटतो, खालच्या टोकाला फसवणूक हमखास इथेच होते.

आता एकेक घर खाली या. काळी-पांढरी दोन्ही, एकही सोडायची नाही. कुठेतरी आवाजात हवा मिसळायला लागेल, किंवा सूर न राहता नुसती घरघर उरेल. ती की मोजायची नाही, तिच्या वरची, जिथे साध्या बोलण्याएवढ्या आवाजात सूर भरीव लागला होता, ती तुमची खालची की. त्या कीवर एकदा "ई" लावून बघा आणि एखादा शब्दही गाऊन बघा. "आ" लागतो पण शब्द गिळला जातो असं झालं तर अजून एक घर वर या.

५. वरचं टोक

तसंच, मधूनच सुरू करून एकेक घर वर. इथे थांबायच्या खुणा वेगळ्या आहेत. हनुवटी वर उचलली गेली, "ई" चा "ए" व्हायला लागला, किंवा हळू आवाजात लागतच नाही म्हणून जोर द्यावा लागला, यातलं एकही झालं की आधीची की धरायची. आवाज अचानक पातळ होऊन खोट्या आवाजात उडी मारतो तेही मोजायचं नाही, निदान तुम्ही गाताना तो आवाज मुद्दाम वापरत नसाल तर. जी की वरची म्हणून लिहाल ती सलग तीनदा, मध्ये श्वास घेऊन, तशीच लागायला हवी. एकदा लागली म्हणजे लागली असं नाही.

*तपासणी:* दोन्ही टोकांमध्ये घरं मोजा. साधारण सोळा ते सव्वीसच्या दरम्यान आकडा येतो. आठ-नऊ किंवा थेट पस्तीस आला तर तुम्ही मध्येच सप्तक बदललंय. पुरुषांचं हे फार होतं, वर जाता जाता की वरच्या सप्तकातली वाजते आणि गाणारा नकळत तोच सूर एक सप्तक खाली लावतो, स्वतःला कळतही नाही. दोन्ही टोकांना सारखीच चूक झाली असेल तर बिघडत नाही, पट्टीचं नाव तेच निघतं. एका टोकाला झाली आणि दुसऱ्याला नाही, तर मात्र गणित कोसळतं. ट्यूनर ॲपमध्ये अक्षरापुढे सप्तकाचा आकडाही दिसतो, जसं A2 किंवा G4, तो तुमच्या आवाजावर बघा, पेटीवर नाही. आकडा मध्येच नाचत असेल तर मात्र ॲपवर विश्वास ठेवू नका, खालच्या सुरांना ॲप कधी कधी सप्तक चुकतं.

६. आता मोजणी

तुमच्या गाण्यात खाली आणि वर कुठपर्यंत जायचंय ते आधी ठरवा. ख्याल गात असाल तर निदान खर्जातला पंचम आणि वरचा गंधार-मध्यम तरी लागतो, पुढे पुढे वरचा पंचमही. भजन, भावगीत वगैरे असेल तर खाली धैवत-निषाद आणि वर गंधार एवढ्यात बरंच भागतं. सा पासून ही अंतरं घरांत अशी (शुद्ध स्वर धरलेत):

- खाली: नी १, ध ३, प ५, म ७
- वर: सा १२, रे १४, ग १६, म १७, प १९

खालच्या कीपासून खालचा आकडा वर मोजा, तुमचा सा त्याच्या खाली जाऊ शकत नाही. वरच्या कीपासून वरचा आकडा खाली मोजा, सा त्याच्या वर जाऊ शकत नाही. या दोन हद्दींच्या मध्ये पट्टी. मोजताना ज्या कीवर उभे आहात ती शून्य, शेजारची एक. सुरुवातीच्याच कीला एक म्हणणं ही चूक एवढी होते की विचारू नका, आणि पट्टी बरोबर अर्ध्या सुराने चुकते. बारा घरं मोजत बसायची गरज नाही, बारा म्हणजे तीच की शेजारच्या सप्तकात.

एक खरंखुरं उदाहरण घेऊ. माझा एक मित्र, ख्याल शिकतोय, सहा-सात वर्षं काळी एकमध्ये गात होता कारण गुरुजींची काळी एक. तक्रार अशी की आलापात खर्ज भरत नाही, आणि त्याचं स्वतःचं निदान होतं की "माझा आवाज खर्जाचा नाहीच". तीन दिवस टेस्ट केली. खालची की पहिल्या दिवशी काळी चार, मग दोन्ही दिवस पांढरी सहा. वरची की तिन्ही दिवस पांढरी पाच. दोनदा आलेला आकडा धरला, म्हणजे खाली पांढरी सहा, ॲपमध्ये A2, आणि वर पांढरी पाच, G4. मधली घरं बावीस.

त्याला खर्जाचा पंचम हवा, म्हणजे खालून पाच मोजायचे: काळी पाच, पांढरी सात, पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन. सा पांढरी दोनच्या खाली नको. वरती मध्यम हवा, सतरा घरं: बारा म्हणजे खालची पांढरी पाच, मग आणखी पाच, काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन, काळी दोन, पांढरी दोन. वरूनही पांढरी दोनच. दोन्ही हद्दी एकाच कीवर आल्या, निर्णय आपोआप झाला.

आता बघा काळी एकमध्ये काय होत होतं. तिथे खर्जाचा पंचम येतो काळी चारवर, त्याच्या भरीव सुराच्या फक्त एक घर खाली. रोज आलापाच्या सगळ्यात महत्त्वाच्या जागी तो अर्धा सूर कमी पडत होता, आणि त्यावरून माणूस स्वतःला खर्जच नाही असं धरून बसला होता. एक घर! वरचा पंचम मात्र पांढरी दोनमध्येही त्याला आरामात येणार नाही, त्यासाठी चोवीस घरं लागतात आणि त्याच्याकडे बावीस आहेत. ते पट्टी बदलून सुटणारं नाही, रियाजाने वर दोन घरं वाढली तरच.

७. हद्दी उलट्या आल्या तर

हे घाबरायचं कारण नाही, उलट जास्त वेळा असंच होतं. खालून मोजलेली हद्द वरून मोजलेल्या हद्दीच्या वर निघते, म्हणजे तुमच्या रेंजपेक्षा तुमची मागणी मोठी आहे. तेव्हा मागणीतलं काय सोडायचं ते ठरवायचं.

एक भजनं गाणाऱ्या काकू आहेत, साठीच्या पुढच्या. खालची की पांढरी पाच, G3, वरची पांढरी एक, C5, मध्ये सतरा घरं. खर्जाचा पंचम आणि वरचा गंधार दोन्ही मागितलं तर खालून सा येतो पांढरी एकवर (C4) आणि वरून येतो काळी चारवर (G#3). जमणार नाही, चार घरांची तूट. पण त्यांच्या भजनांत पंचमापर्यंत खाली जायचंच नसतं, धैवत पुरतो. मग खालून तीन घरं, काळी पाच. वरती गंधार सोडून रिषभापर्यंत थांबलं तर बारा आणि दोन, चौदा घरं खाली, पुन्हा काळी पाच. ठरलं. ज्या दोन भजनांत वरचा गंधार येतो ती त्या वेगळ्या पट्टीत, काळी चारमध्ये गातात, तिथे धैवत खालच्या हद्दीच्या पलीकडे जातो पण त्या भजनांत तो नाहीच. बघा, गाण्यागणिक पट्टी बदलणं सुगम संगीतात अजिबात कमीपणाचं नाही.

शास्त्रीय बैठकीत मात्र एकच सा ठेवतात, तानपुरा-तबला सगळं त्यावर मिळवलेलं असतं. तिथे सोडायचं झालं तर मी म्हणेन वरची एखादी जागा सोडा, खर्ज राखा. काही लोक याच्या उलट सांगतील. पण आलाप खालून सुरू होतो, सुरुवातच पोकळ झाली की पुढचं गाणं सावरत बसावं लागतं. रागाचाही विचार करा: दरबारी बराचसा मंद्र-मध्य सप्तकात चालतो, सोहनी वरच्या षड्जाभोवती. पट्टी तपासायला यातला एकच राग गाऊन बघितलात तर उत्तर एका बाजूला झुकेल. पहाडीसारख्या धुना तर बरेचजण मध्यमाला सा करून गातात कारण चाल खाली फार उतरते, त्या वेळी पट्टी बदललीय असं समजू नका, तानपुऱ्याचा सा तोच आहे.

८. गाऊन बघा, तीन पट्ट्यांत

मोजून आलेली पट्टी, तिच्या एक घर खाली आणि एक घर वर. एकच चीज किंवा एकच गाणं, जे तुम्हाला पाठ आहे आणि ज्यात दोन्ही टोकं येतात, तिन्हीत गा. मध्ये दहा मिनिटं थांबा. मोबाईल एकाच अंतरावर ठेवून रेकॉर्ड करा, फाईलला पट्टीचं नाव देऊ नका, एक-दोन-तीन लिहा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, जमलं तर दुसऱ्या कुणाला ऐकवा. लगेच ऐकलं की वरची पट्टीच भारी वाटते, कारण वर गाताना जोर लागतो आणि जोर म्हणजे दम असं आपल्याला वाटतं.

ऐकताना दोनच जागा बघा. वरच्या सा वर दोन आवर्तनं ठहराव केलात तर सूर शेवटी चढतोय का? चढत असेल, आणि अर्ध्या तासाच्या गाण्यानंतर बोलायचा आवाज बसत असेल, तर पट्टी वर झाली. मुखडा खालून उचलताना पहिला शब्द ऐकू येत नसेल तर पट्टी खाली झाली. दोन्ही होत असेल तर पट्टीचा दोष नाही, सातव्या टप्प्यावर परत जा.

आणि खरा सा दोन घरांच्या मध्येच बसतो असं वाटलं, तर नुसत्या तानपुऱ्यावर "काळी एकच्या किंचित खाली" असं लावता येतं, पण पेटीची साथ असेल तर पेटी मध्ये जाऊ शकत नाही. अशा वेळी दोन्हींत खालची घ्या, मैफल लांबली की वरचं घर दगा देतं.

९. लिहून ठेवा आणि साथीदारांना वेळेवर सांगा

वहीत पट्टी, टोकांच्या दोन्ही की आणि तारीख लिहा. नुसतं "काळी पाच" नको, "काळी पाच, खाली ध, वर रे पर्यंत" असं. तबलजींना आदल्या दिवशी सांगा, तबला एका पट्टीसाठी घडवलेला असतो, थोडा चढतो-उतरतो पण दोन-तीन घरं सरकवायला दुसराच तबला आणावा लागतो. मंचावर बसल्यावर "आज जरा एक खाली घेऊ या का" म्हणणारे गायक मला माहीत आहेत, त्या क्षणी तबलजींचा चेहरा बघण्यासारखा असतो.

जुन्या पेटीचा सूर ॲपच्या मानाने सरकलेला असू शकतो. नव्या ठिकाणी गेलात की तिथल्या पेटीची तुमची की वाजवून ॲपवर काय दिसतं ते बघून घ्या. काटा बराच खाली-वर असेल तर तानपुरा पेटीला मिळवा, ॲपच्या आकड्याला नाही.

टेस्ट पुन्हा कधी करायची तर मोठ्या माणसांनी वर्षातून एकदा, किंवा मोठ्या आजारपणानंतर. वयात येणाऱ्या मुलांची मात्र दर दोन महिन्यांनी, आवाज फुटत असताना वरची की भराभर खाली येते आणि जुन्या पट्टीत ओढून गायला लावलं तर पोरगं गाणंच टाळायला लागतं. त्या काळात वरच्या टोकाकडे बघूच नका, जी आठ-दहा घरं आरामात लागतात त्यातच सा ठेवा, आणि आवाज सलग दोन टेस्टमध्ये एकाच जागी थांबला की मग पहिल्यापासून मोजणी करा.